कौटुंबिक व्यवसायाची गोष्ट पुराव्यानिशी कशी लिहावी: एका चटणीच्या घराचं उदाहरण

पाकिटाच्या मागच्या बाजूसाठी, वेबसाइटसाठी किंवा दुकानातल्या पाटीसाठी घरच्या धंद्याची गोष्ट लिहायला बसलं की पहिली तीन-चार वाक्यं आपोआप येतात. आजोबांनी अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत लावलेलं रोपटं, त्याचा आज झालेला वटवृक्ष, आजीच्या हातची चव, तीन पिढ्यांचा विश्वास. हीच वाक्यं लोणच्याच्या बरणीवर असतात, फर्निचरच्या दुकानात असतात आणि सराफाच्या माहितीपत्रकातही असतात. लिहिणारा आळशी असतो असं नाही. त्याच्या हाताशी तपशील नसतो आणि तपशिलाची रिकामी जागा विशेषण भरून काढतं. म्हणून या कामातला मोठा वाटा चौकशीचा आहे, लिखाण शेवटी येतं.

आपल्याकडचं एक चांगलं उदाहरण लिज्जत पापडाचं आहे. तो कौटुंबिक व्यवसाय नाही, बायकांनी उभी केलेली संस्था आहे, पण तिची जन्मकथा पाहा: १५ मार्च १९५९, गिरगाव, सात जणी आणि ८० रुपये उसने. एकही विशेषण नाही, तरी गोष्ट लक्षात राहते. ८० हा आकडा कुणी शोभेसाठी निवडलेला नाही, आणि वाचणाऱ्याला ते कळतं.

पुढे सगळ्या पायऱ्या एकाच घरावर करून दाखवतो. कोल्हापुरातलं कांदा-लसूण चटणी करणारं एक घर आपण घेऊ. हे घर मी नमुन्यासाठी रचलं आहे, पण त्यातल्या अडचणी अशा बहुतेक घरांत निघतात. दुकानाच्या पाटीवर लिहिलंय: ‘१९५० पासून अखंड सेवेत’. घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी की आजोबांनी आजीचे दागिने विकून एका खोलीत चटणीचा धंदा सुरू केला. आता नात वेबसाइट करतेय आणि तिला हीच गोष्ट नीट लिहून हवी आहे.

आधी ऐकून घ्या, आणि वस्तूंबद्दल विचारा

घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे जा आणि फोनवर रेकॉर्डिंग लावा, अर्थात त्यांना विचारून. ‘तेव्हा कसं वाटायचं?’ किंवा ‘तुमचा प्रवास सांगा’ असे प्रश्न टाळा. त्यांची उत्तरं ठरलेली असतात, कारण तीच गोष्ट त्यांनी लग्नाकार्यात, सत्कारात अनेकदा सांगितलेली असते. त्याऐवजी वस्तू, जागा, पैसा आणि माणसं यांच्याबद्दल विचारा. उखळ कुठं ठेवलेलं असायचं? मिरची कोण आणायचं? पहिले पैसे कुणी दिले? पावसाळ्यात काय करायचात? पहिला नोकर कोण आणि तो कधी सोडून गेला?

आपल्या उदाहरणातल्या नातीनं विचारलं, “आजी, घराबाहेरच्या कुणासाठी पहिल्यांदा कांडलीस ती मिरची कुणाची?”

आजी म्हणाली, “मास्तरीणबाईंची. त्यांचा हात दुखत हुता, म्हणून शेरभर मिरची घिऊन आल्या. पैसं न्हाई दिलं त्यांनी, तांदूळ दिलं.”

नातीनं पुढं मिरची कांडायच्या यंत्राबद्दल, म्हणजे डंकाबद्दल विचारलं, “आणि डंक घ्यायला तुझे दागिने विकले ना?”

“दागिनं कुठं हुतं विकायला? भिशी लागली हुती माझी. उरल्यालं बँकेचं.”

या दोन उत्तरांत नातीला दोन मोठ्या गोष्टी मिळाल्या. धंद्याची सुरुवात आजीपासून झाली होती, आजोबांपासून नव्हे. आणि दागिन्यांची कथा कुणीतरी नंतर जोडली होती, बहुधा ती सांगायला बरी वाटते म्हणून. एखाद्या घरात दागिने खरोखर विकले किंवा गहाण ठेवले गेले असतील, तर ते जरूर लिहावं. मात्र मग कोणता दागिना, किती रुपयांना, कधी सुटला, हे विचारून घ्या. हे सांगणारं कुणी नसेल तर तो प्रसंग गाळलेला बरा, कारण तपशिलाशिवाय तो प्रत्येक घराचा असतो.

शक्य असेल तर तेच प्रश्न दोघातिघांना वेगवेगळे विचारा: आत्या, जुना कामगार, शेजारचा दुकानदार. एकत्र बसवलं की घरातला मोठा बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात. उत्तरं जिथं जुळत नाहीत तिथं खूण करा, कारण कागद नेमके तिथंच शोधायचे आहेत.

मग कागद काढा

माणसांना क्रम आठवतो, सालं आठवत नाहीत. ‘थोरल्याच्या जन्मानंतर’, ‘पानशेत फुटलं त्या वर्षी’ असं ते सांगतात, आणि यातलं दुसरं वाक्य तर सोन्यासारखं आहे, कारण पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं. बाकीच्या तारखा कागदावरून काढाव्या लागतात. माळ्यावरची ट्रंक, देवघरामागचं कपाट आणि हिशेबनीसाकडचे जुने गठ्ठे, या तीन जागा आधी पाहा. गुमास्ता परवाना, विजेच्या पॉवर कनेक्शनचा कागद, यंत्राची पावती, बँकेचं कर्जपत्र, विक्रीकराची नोंदणी, जुनी लेबलं, लग्नपत्रिकेच्या मागं छापलेली दुकानाची जाहिरात, यातलं काहीही उपयोगी पडतं.

तारीख नसलेल्या कागदाचाही काळ सांगता येतो. हिशेब आणे-पैत असेल तर तो बहुतेक १९५७ पूर्वीचा, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. ‘नवे पैसे’ लिहिलेलं असेल तर तो १९५७ नंतरचा आणि साधारण १९६४ पर्यंतचा, कारण त्या वर्षी ‘नवे’ हा शब्द अधिकृतपणे गळला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. बिलावर बीएसटी, म्हणजे जुन्या ‘बॉम्बे सेल्स टॅक्स’चा क्रमांक असेल तर तो २००५ च्या आधीचा, कारण त्या वर्षी १ एप्रिलपासून महाराष्ट्रात व्हॅट आला. जुन्या वहीवर शके लिहिलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे त्या गुढीपाडव्याला चालू असलेलं इंग्रजी साल मिळतं. शके १८९३ म्हणजे १९७१ चा पाडवा. मात्र जुनं छापील साहित्य लोक वर्षानुवर्षं वापरत राहतात, आणे आणि शेर तर तोंडात पुढंही बराच काळ होते, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नका.

नातीला ट्रंकेत मिळालं ते असं: डंकाची पावती १९७१ ची, गुमास्ता परवाना १९७४ चा, आणि हातानं शाईनं लिहिलेलं एक पाकीट १९८८ चं. १९५० चा एकच कागद निघाला, तो आजोबांच्या थोरल्या भावाच्या किराणा दुकानाचा. ते दुकान वेगळं होतं आणि भावाच्या मुलांकडे गेलं. म्हणजे पाटीवरचं १९५० खोटं म्हणून कुणी रंगवलं नव्हतं. दोन दुकानांच्या आठवणी एकमेकींत मिसळल्या होत्या.

दावा, पुरावा आणि लिहिता येईल असं वाक्य

आता एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात घरात सांगितला जाणारा दावा, दुसऱ्यात त्याचा आधार, तिसऱ्यात त्या आधारावर लिहिता येईल एवढंच वाक्य. दुसरा रकाना भरल्याशिवाय तिसऱ्यात काही लिहायचं नाही. आधार म्हणून तोंडी आठवणही चालते, पण मग तिसऱ्या रकान्यात ‘आजी सांगतात’ हे शब्द यायलाच हवेत.

‘१९५० पासून’ या दाव्यासमोर आधार भावाच्या दुकानाचा, म्हणून हा दावा गेला. मग कोणतं साल लिहायचं? माझं मत स्पष्ट आहे: आज तुम्ही जे विकता ते ज्या वर्षी विकायला सुरुवात केली ते साल. त्या हिशेबानं चटणीचं पाकीट १९८८ चं आहे. कांडपाचं काम त्याआधीचं, ते वेगळं सांगता येतं: ‘१९७१ पासून कांडप, १९८८ पासून पाकीटबंद चटणी’. एकवीस वर्षं कमी झाली म्हणून घरात नाराजी होईल, ती सोसावी. उलट या ओळीत दोन टप्पे आले, त्यामुळे मधे काय घडलं असेल हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात उभा राहतो. ‘१९५० पासून’ वाचून कुणालाच काही विचारावंसं वाटत नव्हतं.

‘अखंड’ या शब्दासमोर निघालं की वडिलांच्या आजारपणात १९९३ ते १९९५ डंक बंद होता. शब्द गेला. बंद होता हे सांगायचंच असं नाही, पण अखंड म्हणायचं नाही. ‘कोल्हापुरात पहिल्यांदा’ या दाव्यासमोर कुणालाच काही लिहिता आलं नाही. ‘पहिले’, ‘एकमेव’, ‘सर्वांत जुने’ या शब्दांसाठी फक्त आपला इतिहास पुरत नाही, बाकी सगळ्यांचा तपासावा लागतो, आणि तो कुणी तपासलेला नसतो. ‘पाककृती तीच’ या दाव्यावर आजीनंच सांगितलं की आधी संकेश्वरी मिरची जास्त असायची, आता रंगासाठी ब्याडगी वाढवली. म्हणून तेही गेलं.

गोष्टीचा कणा: आजही दिसणारा एक निर्णय

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि घाईत बहुतेक जण तो सोडून देतात. उरलेल्या खऱ्या गोष्टी सालवार मांडल्या की माहितीपत्रक होतं, गोष्ट होत नाही. गोष्टीसाठी एक अडचण आणि त्या अडचणीवर घेतलेला एक निर्णय लागतो. कसोटी अशी: त्या निर्णयाचा परिणाम गिऱ्हाइकाला आज हातात धरून पाहता येतो का?

नातीसमोर तीन पर्याय होते. आजीनं उखळात शेजारणींची मिरची कांडली, हा प्रसंग गोड आहे, पण आज त्याचं काहीच दिसत नाही. भिशीच्या पैशातून डंक आला, यात माणसं दिसतात, तरी गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं यंत्र कुणीही घेतो. तिसरा १९८८ चा. तोवर हे घर स्वतःची चटणी विकतच नव्हतं. उन्हाळ्यात लोक स्वतः वाळवलेली मिरची, भाजलेले मसाले, खोबरं, तीळ पिशव्यांत घेऊन यायचे आणि डंकासमोर उभं राहून कांडून न्यायचे. आत काय गेलं ते त्यांना डोळ्यांनी दिसायचं. पुढं नोकरीसाठी पुण्याला गेलेली गिऱ्हाइकं तयार चटणी मागू लागली, कारण फ्लॅटमध्ये मिरची वाळवायला जागा नव्हती. आता समोर उभं राहणारं कुणी नाही, मग त्यांना खात्री कशी द्यायची? वडिलांनी प्रत्येक पाकिटावर मिरचीचं नाव आणि कांडल्याचा दिवस लिहायला सुरुवात केली. पाकिटाच्या मागं तो आजही असतो.

कणा हाच. पाकीट उलटून पाहणारा माणूस गोष्ट स्वतः पडताळू शकतो.

इथं एक खबरदारी घ्या. जे कायद्यानं करावंच लागतं ते आपलं वैशिष्ट्य म्हणून सांगू नका. पाकीटबंद मालावर पॅकिंगचा महिना आणि वर्ष छापणं १९७७ च्या नियमांपासून बंधनकारक आहे. त्यामुळे ‘आम्ही तारीख छापतो’ यात काही विशेष नाही. ‘कांडल्याचा दिवस आणि मिरचीची जात’ ही त्यापुढची गोष्ट आहे, तेवढीच सांगावी.

लिहिणं

पहिला मसुदा क्रियापदांवर लिहा: कोणी काय आणलं, कोणी काय दिलं, काय बंद केलं. लिहून झाल्यावर प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारा आणि ते काढून वाक्य वाचा. अर्थ तसाच राहिला तर विशेषण परत घालू नका. मग प्रत्येक वाक्यात आपल्या जागी शेजारच्या धंद्याचं नाव घालून पाहा. ते तिथंही चपखल बसत असेल तर वाक्य तुमचं नाही, काढून टाका. ‘गुणवत्तेशी कधीही तडजोड केली नाही’ हे वाक्य या चाळणीतून कधीच पार होत नाही.

नातीचा शेवटचा मजकूर असा झाला:

“आजी शेजारणींची मिरची उखळात कांडून द्यायच्या. मोबदला कधी पैशांत मिळायचा, कधी तांदळात. १९७१ साली त्यांच्या भिशीचे पैसे आणि बँकेचं कर्ज मिळून घरात डंक आला. पुढची सतरा वर्षं आम्ही आमची चटणी विकली नाही. लोक आपली मिरची आणायचे आणि समोर उभं राहून कांडून न्यायचे. १९८८ मध्ये पुण्याला गेलेल्या गिऱ्हाइकांनी तयार चटणी मागितली. त्यांना डंकासमोर उभं राहता येणार नव्हतं, म्हणून बाबांनी पाकिटावर मिरचीचं नाव आणि कांडल्याचा दिवस शाईनं लिहायला सुरुवात केली. आता तो छापतो. ब्याडगीचं प्रमाण आम्ही नंतर वाढवलं, त्यामुळे आजची चटणी तेव्हापेक्षा लाल आणि थोडी कमी तिखट आहे.”

शेवटचं वाक्य ठेवावं की नाही यावर घरात वाद होईल. मी ठेवावं म्हणेन. जुन्या गिऱ्हाइकाला फरक जिभेवर कळलेलाच असतो, आणि तो घरानं स्वतःहून सांगितला की बाकीच्या ओळींवरही त्याचा विश्वास बसतो.

पाकिटावर एवढी जागा नसते. तिथं चटणीपुरतं एकच वाक्य: ‘१९८८ पासून प्रत्येक पाकिटावर मिरचीचं नाव आणि कांडल्याचा दिवस.’ दुकानात डंकाच्या पावतीची फ्रेम आणि खाली दोन ओळी पुरतात.

कोण राहून गेलं?

छापण्याआधी मजकूर ज्यांच्याबद्दल आहे त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. कुटुंबाच्या गोष्टीत तीन प्रकारची माणसं हमखास गळतात: ज्यांच्या नावावर परवाना नव्हता अशा बायका, पगारी कामगार आणि वाटणी होऊन वेगळे झालेले भाऊ. आपल्या उदाहरणात परवाना आजोबांच्या नावावर होता म्हणून आजी गोष्टीतून निघून गेल्या होत्या. डंक चालवणाऱ्या जुन्या कामगाराचा उल्लेख करायचा असेल तर त्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारूनच नाव घाला.

भावाच्या घराबद्दल जास्त जपावं लागतं. दोन्ही शाखा ‘मूळ दुकान आमचंच’ म्हणत असतील तर गोष्टीत तो निवाडा करू नका. स्वतःच्या कागदांवर जेवढं उभं राहतं तेवढंच लिहा आणि आजोबांचा फोटो वापरण्याआधी एक फोन करा. आडनाव, नाव किंवा चिन्ह यावर वाद असेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्या.

छपाईआधी नियम पाहा

खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना गोष्टीतले काही लाडके शब्द महागात पडू शकतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे जाहिराती आणि दाव्यांबाबतचे २०१८ चे नियम अशा शब्दांना अटी घालतात. ‘होम मेड’ किंवा ‘होम कुक्ड’ यांसारखे, ग्राहकाचा गैरसमज होईल असे शब्द वापरू नयेत असं ते सांगतात, आणि कारखान्यात बनलेल्या मालावर ‘घरगुती’ लिहिणं त्याच वाटेनं जातं. अनेक घटक मिसळून केलेल्या पदार्थाला ‘शुद्ध’ म्हणता येत नाही, म्हणजे चटणी-मसाल्यांचा तो शब्द गेलाच. ‘पारंपरिक’ म्हणायचं तर कृती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असावी लागते, ‘ओरिजिनल’ म्हणायचं तर तिचा उगम दाखवता यावा आणि ती मुळात बदललेली नसावी. ब्याडगी वाढवल्याचं आजीनं सांगितल्यावर हा शब्दही या घरापुरता मिटला.

बाकी धंद्यांनाही २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. वेबसाइटवरचं ‘आमच्याविषयी’ पानही लोक खरेदीआधी वाचतात, त्यामुळे ते जाहिरातीइतकंच जपून लिहा. लेबल छापायला देण्याआधी नियमांची चालू आवृत्ती अन्न परवान्याचं काम करणाऱ्या सल्लागाराकडून तपासून घ्या, कारण त्यांत दुरुस्त्या होत असतात.

जुन्या पाटीचं काय?

वेबसाइटवर १९७१ आणि दुकानावर १९५० असं महिनोन्‌महिने राहू देऊ नका. गिऱ्हाइकाला दोन्ही सालं दिसली की त्याला दोन्हींबद्दल शंका येते. पाटी, बिलबुक, पिशव्या, गुगलवरची दुकानाची नोंद आणि सोशल मीडियाची पानं यांची यादी करा. फुकटात बदलता येतं ते त्याच दिवशी बदला, छापील साठा संपेल तसा नवा छापा, आणि पाटी पुढच्या रंगाला उचला. कुणी विचारलंच तर सरळ सांगा: जुने कागद निघाले, त्यांत १९७१ निघालं, १९५० चं दुकान आमच्या चुलत आजोबांचं होतं.

तो तीन रकान्यांचा कागद, पावत्यांचे स्कॅन आणि आजीचं रेकॉर्डिंग एका फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येक रेकॉर्डिंगला बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख द्या. पुढं एखाद्या वार्ताहरानं किंवा प्रदर्शनवाल्यानं माहिती मागितली तर तोच फोल्डर उघडायचा. त्यांच्या लेखाचा मसुदा पाहायला मिळाला तर त्यात ‘दागिने विकून’ परत आलंय का, हे आधी शोधा.